सोयाबीनचे १५ ते ४५ दिवस आणि दरवर्षी तेच तणनाशक: चूक कुठे होते, क्रम कसा ठेवायचा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नागपूर जिल्ह्यात कुठेही गेलं की एकच तक्रार कानावर येते: "भाऊ, यंदा औषध बोगस निघालं. दुधी जशीच्या तशी उभी आहे." कळमेश्वर असो, काटोल असो की उमरेड, वाक्य तेच. खोलात विचारलं की बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट निघते. एक तर फवारणी उशिरा किंवा अर्ध्या मात्रेत झालेली असते, नाही तर पाच-सहा वर्षांपासून त्या वावरात एकाच गटाचं तणनाशक पडत असतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय केला तर पुढच्या वर्षी तण वाढतंच.

हा लेख सलग सोयाबीनसाठी आहे. मधे तुरीचे तास असतील तर इथलं कोणतंही औषध वापरण्याआधी लेबलवर दोन्ही पिकांची नावं आहेत का ते बघा. सोयाबीनला चालणारं प्रत्येक तणनाशक तुरीला चालत नाही.

१. पेरणीच्या दिवशीच तारखा लिहून ठेवा

सोयाबीन आणि तण यांची खरी झुंज साधारण १५व्या ते ४५व्या दिवसापर्यंत चालते. पहिल्या दोन आठवड्यांत रोप बियाण्यातल्या साठ्यावर आणि पहिल्या पानांवर जगतं. तण असलं तरी दोघंही लहान असतात, ओल आणि नत्र दोघांनाही पुरतं. पंधरा दिवसांनंतर तण उंच होऊ लागतं, सोयाबीनच्या पानांवर सावली पडते आणि फांद्या फुटायच्या वेळीच रोप सरळ वर पळतं. तेव्हा फुटल्या नाहीत त्या फांद्या नंतर कितीही निंदण केलं तरी फुटत नाहीत. ४५ दिवसांच्या आसपास तासांमधली जागा पानांनी झाकली जाते आणि त्यानंतर उगवणाऱ्या तणाला ऊन मिळत नाही, त्यामुळे उत्पन्नावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

हे आकडे काटेकोर नाहीत. हलक्या जमिनीत, विरळ उगवणीत किंवा रुंद तासात जमीन उशिरा झाकते, तिथे शेवटची तारीख आठवडाभर पुढे धरा.

समजा पेरणी २४ जूनला झाली. मग दिनदर्शिकेवर या खुणा करा:

- २६ जूनपर्यंत: उगवणीपूर्वीचं तणनाशक
- ९ ते १४ जुलै: उगवणीनंतरची फवारणी (१५ ते २० दिवस)
- ८ ऑगस्ट: ४५वा दिवस, इथपर्यंत वावर तणमुक्त हवं

*सावध:* दिवस पेरणीपासून मोजा. "तण दिसायला लागलं तेव्हापासून" मोजणारे हमखास आठ दिवस मागे पडतात.

२. डब्यावरचं मोठं नाव सोडा, बारीक नाव वाचा

कृषी केंद्रात जाण्याआधी घरातले मागच्या तीन-चार वर्षांचे रिकामे डबे किंवा बिलं काढा. डब्यावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, त्याखाली बारीक अक्षरात तांत्रिक नाव असतं. आपल्याला कामाचं तेच. एकाच तांत्रिक औषधाची बाजारात अनेक व्यापारी नावं असतात, म्हणून डब्याचा रंग बदलला म्हणजे औषध बदललं असं नाही.

त्याहून मोठी चूक पुढची आहे. तांत्रिक नावं वेगळी असूनही औषधं एकाच गटाची असू शकतात, म्हणजे तणाच्या शरीरात सगळी एकाच जागी वार करतात. सोयाबीनमध्ये सर्वांत जास्त वापरलं जाणारं इमॅझेथापायर तणातलं एएलएस नावाचं एक विकर बंद पाडतं. या विकराशिवाय तणाला तीन अमिनो आम्लं बनवता येत नाहीत आणि त्याची वाढ थांबते. आता हीच यादी बघा:

- उगवणीपूर्वी वापरतात ते डायक्लोसुलम: याच गटाचं
- इमॅझेथापायर आणि इमॅझामॉक्सचं मिश्रण: दोन्ही याच गटाची
- क्लोरीम्युरॉन: याच गटाचं
- कपाशीतलं पायरिथायोबॅक सोडियम: याच गटाचं
- गव्हातली मेटसल्फ्युरॉन, सल्फोसल्फ्युरॉन आणि मौदा भागातल्या धानातलं बिस्पायरिबॅक: हीसुद्धा याच गटाची

म्हणजे एखाद्याने पेरणीनंतर डायक्लोसुलम मारलं, १८व्या दिवशी इमॅझेथापायर मारलं आणि पुढच्या वर्षी पीक बदलून कपाशीत पायरिथायोबॅक मारलं, तर त्याच्या मते त्याने तीन औषधं आणि दोन पिकं बदलली. वावरातल्या तणाच्या दृष्टीने मात्र काहीच बदललं नाही. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहतो, आणि ती करणारी माणसं बेफिकीर नसतात. ती मुद्दाम औषध बदलतात, फक्त गट कोणी सांगितलेला नसतो.

*तपासा:* गेल्या तीन वर्षांत वरच्या यादीतलं औषध किती वेळा पडलं, ते मोजा. दरवर्षी पडलं असेल तर यंदा उगवणीपूर्वीचं औषध तरी दुसऱ्या गटाचं घ्या.

३. पहिले तीन दिवस वाया घालवू नका

उगवणीपूर्वीचं औषध म्हणजे जास्तीचा खर्च, असं समजून बरेच जण ते टाळतात. पण वेगळा गट आणायची सर्वांत सोपी जागा हीच आहे. पेंडीमेथॅलिन (३० टक्के ईसी) एकरी साधारण १ ते १.३ लिटर, पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत. ते उगवणाऱ्या कोंबाची आणि मुळाची पेशी विभागणी थांबवतं, त्यामुळे एएलएस गटाशी त्याचा संबंध नाही. मेट्रिब्युझिन किंवा सल्फेन्ट्राझोन असलेली मिश्रणंही वेगळ्या गटांची आहेत. त्यांच्या मात्रा जमिनीच्या पोताप्रमाणे बदलतात, म्हणून लेबलवर असेल तीच मात्रा घ्या.

इथे दोनच गोष्टी सांभाळायच्या. जमिनीत ओल हवी, कोरड्या ढेकळांवर मारलेलं औषध बहुतेक वाया जातं. आणि फवारलेल्या पट्ट्यावरून चालू नका, मागे-मागे सरकत फवारा. पायाने थर मोडला की तिथेच तण उगवतं.

एवढं केलं की १८व्या दिवशी तुमच्यासमोर तणाची गर्दी नसते, थोडी रोपं असतात. पुढच्या औषधाच्या तावडीत जितकी कमी रोपं येतात, तितकी त्यात एखादं न मरणारं रोप असण्याची शक्यता कमी.

*सावध:* सोयाबीनचे कोंब जमिनीबाहेर दिसू लागले असतील तर हे औषध मारू नका.

४. पंप मोजल्याशिवाय मात्रा ठरवू नका

इमॅझेथापायर (१० टक्के एसएल) एकरी ४०० मिली, हे सगळ्यांना पाठ असतं. "पंपाला ३० मिली" हेही पाठ असतं. पण १५ लिटरच्या पंपाला ३० मिली हे तेव्हाच बरोबर, जेव्हा एकराला १३ पंप लागतात. मजूर झपाझप चालत सात पंपांत एकर उरकतो तेव्हा एकरी पडलं २१० मिली. म्हणजे जेमतेम अर्धी मात्रा.

पंप मोजायची रीत अशी. १० मीटर लांब, १० मीटर रुंद जागा आखा. पंपात साधं पाणी मोजून भरा, जो माणूस फवारणार आहे त्यानेच त्याच्या नेहमीच्या चालीने ती जागा फवारावी. उरलेलं पाणी मोजा. जितकं खर्च झालं त्याला ४० ने गुणा, कारण एकरात असे साधारण ४० चौकोन बसतात.

समजा ३ लिटर गेलं. म्हणजे एकरी १२० लिटर, आठ पंप. पानं नीट भिजायला हे कमी आहे. चाल हळू करून परत फवारा. ५ लिटर गेलं तर एकरी २०० लिटर, म्हणजे साधारण १३ पंप, आणि ४०० मिलीला १३ ने भागलं की पंपाला ३० मिली. आता ती पाठ केलेली मात्रा खरी ठरली.

नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट हवं. कीटकनाशकाचं गोल फवारा देणारं नोझल तणनाशकाला वापरू नका, त्याने पट्टे सुटतात.

*तपासा:* फवारणी संपल्यावर डब्यात किती उरलं ते बघा. दोन एकराला ८०० मिली जायला हवं होतं आणि ३०० मिली उरलं, तर तण मरत नाही याचं कारण तिथेच सापडलं.

५. १५ ते २० दिवस: तणाची पानं मोजून मारा

तारखेपेक्षा तणाचा आकार महत्त्वाचा. दोन ते चार पानांवर असलेलं तण मरतं. सहा-आठ पानांची दुधी किंवा फांद्या फुटलेला केना फक्त पिवळा पडतो, थांबतो आणि पुन्हा डोकं काढतो. वावरात वाकून दहा ठिकाणी पानं मोजा, उभ्याने अंदाज चुकतो.

जमिनीत ओल असताना, वारा नसताना, पुढचे किमान दोन-तीन तास पाऊस येणार नाही असं बघून फवारा. हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधूनच. त्यात कीटकनाशक, विद्राव्य खत असं काही आपल्या मनाने मिसळू नका.

इमॅझेथापायर हळू काम करतं. आठवड्याने शेंडा पिवळा पडतो, पूर्ण मरायला दोन-तीन आठवडे लागतात. सातव्या दिवशी हिरवं दिसलं म्हणून घाबरून तेच औषध परत मारणं ही नेहमीची चूक आहे.

यंदा वेगळा गट घ्यायचा असेल तर फोमेसाफेन आणि फ्ल्युअझिफॉपचं, किंवा ॲसिफ्ल्युओर्फेन आणि क्लोडिनाफॉपचं तयार मिश्रण आहे. दोन्हींची मात्रा साधारण एकरी ४०० मिली. यांनी सोयाबीनच्या पानावर भाजल्यासारखे डाग पडतात, नवीन पानं नीट येतात. पण ही औषधं रुंद पानांच्या तणाला लागेल तिथेच जाळतात, म्हणून तण लहानच हवं.

"मिश्रण आहे म्हणजे दोन्हीकडून मार बसतो" हा समज इथे तपासून घ्या. या मिश्रणांतलं एक औषध रुंद पानाच्या तणासाठी आणि दुसरं गवतासाठी असतं. दुधीला फक्त फोमेसाफेन लागू पडतं, फ्ल्युअझिफॉपचं तिला काहीच वाटत नाही. तिच्यासाठी ते एकच औषध आहे. मिश्रणाने तणाचा औषधाला होणारा प्रतिकार लांबतो तो तेव्हाच, जेव्हा दोन्ही औषधं त्याच तणाला मारतात.

*झड लागली तर:* नागपूरकडे जुलैत सलग आठ-दहा दिवस पाऊस लागतो आणि तारीख हुकते. २८व्या दिवशी उघाड मिळाली आणि तण वीतभर झालं असेल, तर मात्रा दीडपट करू नका. डवरा घाला आणि तासातलं हाताने निंदा. मोठ्या तणाला मारलेलं औषध कमकुवत रोपं मारतं आणि चिवट तेवढी राखून ठेवतं.

६. डवरणी रद्द करू नका

फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनी वाफसा आला की एक डवरणी करा. लोखंडाच्या पासेला कोणतंही तण सरावत नाही. फवारणीतून वाचलेलं रोप आणि नंतर उगवलेलं रोप, दोन्ही तासांमधून निघतात. फुलं यायला लागली, साधारण ३५-४० दिवसांना, की डवरणी थांबवा. मुळं तुटतात आणि फुलं गळतात.

७. उरलेलं तण का उरलं, ते ३५व्या दिवशी ठरवा

कळमेश्वर तालुक्यातल्या एका वावरात मी ३५व्या दिवशी गेलो होतो. शेतकरीदादांनी दुसरी फवारणी करायची म्हणून डबा आणूनही ठेवला होता. आम्ही तासात बसलो. एका हातभर जागेत दुधीची पाच रोपं होती. तीन वाळून तपकिरी झालेली, बोटाने उपटली की मोडत होती. चौथ्याचा शेंडा मेलेला. आणि त्यांना चिकटून पाचवं, तेवढंच जुनं, हिरवंगार, तोडलं तर बोटांवर पांढरा चीक. पलीकडे कुंजरू पूर्ण मेलं होतं. तिथे सहा वर्षं सलग इमॅझेथापायर पडलं होतं.

असं दृश्य दिसलं की प्रतिकाराचा संशय घ्या. फवारणीची चूक वेगळी दिसते:

- तण सरळ पट्ट्यात उरलं: नोझल किंवा चाल
- सगळ्या जातींचं तण सगळीकडे अर्धमेलं: मात्रा किंवा पाऊस
- उरलेलं सगळं मोठ्या आकाराचं: उशीर
- उरलेलं सगळं छोटं, दोन पानांवरचं: ते फवारणीनंतर उगवलं आहे
- लव्हाळा किंवा हराळी नव्याने फुटली: गाठींतून, जमिनीतल्या खोडांतून येतं, हा प्रतिकार नाही
- एकाच जातीची मेलेली आणि जिवंत रोपं शेजारी-शेजारी, ठिकठिकाणी घोळक्याने, आणि घोळके दरवर्षी त्याच जागी वाढताना: इथे प्रतिकार असू शकतो

खात्री करायची असेल तर हिरव्या उरलेल्या रोपांचं थोडं बी पिकल्यावर कागदी पाकिटात घ्या. तणनाशकाचा थेंब कधी न पडलेल्या जागेवरचं, धुऱ्यावरचं किंवा पडीतलं, त्याच तणाचं बी दुसऱ्या पाकिटात. पुढच्या मोसमात दोन्ही बिया वेगवेगळ्या कुंड्यांत उगवा. दोन ते चार पानांवर दोन्हींच्या काही कुंड्यांना पूर्ण मात्रा, काहींना दुप्पट, काहींना नुसतं पाणी. तीन आठवड्यांनी बघा. धुऱ्यावरची मेली आणि वावरातली पूर्ण मात्रेतही जगली, तर शंका राहत नाही. परीक्षा झाल्यावर कुंड्यांतली सगळी रोपं फुलायच्या आत उपटा.

*सावध:* संशय असलेल्या वावरात त्याच मोसमात त्याच गटाचा दुसरा डबा अजिबात मारू नका. त्या दादांचा डबा आम्ही परत पाठवला.

८. ४५ दिवस झाले तरी काम संपत नाही

४५व्या दिवसानंतरचं तण उत्पन्न फारसं खात नाही, हे खरं आहे. म्हणून लोक वावरातून बाहेर पडतात. पण प्रतिकार नेमका याच काळात तयार होतो, कारण वाचलेलं रोप आता बी धरतं.

तणनाशक तणात बदल घडवत नाही. लाखो रोपांत एखाद्यात तो बदल आधीच असतो, औषध फक्त बाकीच्यांना बाजूला करतं. हिशेबासाठी धरा: एकरात तणाची १० लाख रोपं, त्यांतलं एकच न मरणारं. ते हजार बिया टाकतं, त्यांतल्या वीसपैकी एक पुढच्या वर्षी रोप होते.

- पहिलं वर्ष: १ रोप. कोणाला दिसत नाही.
- दुसरं वर्ष: ५० रोपं. तरीही कोणाला दिसत नाहीत.
- तिसरं वर्ष: २,५०० रोपं. दीड-दोन चौरस मीटरला एक. "थोडं सुटलं" असं वाटतं.
- चौथं वर्ष: १,२५,००० रोपं. चौरस मीटरला तीसच्या वर. "औषध बोगस."

आकडे समजण्यापुरते आहेत, खऱ्या वावरात कमी-जास्त वर्षं लागतात. पण चाल हीच असते: औषध अनेक वर्षं चोख चालताना दिसतं आणि मग एका मोसमात कोसळतं. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्ली दंडा या तणाचं हेच झालं. आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक वर्षानुवर्षं वापरलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासं झालं. एएलएस गटाबाबत तर जगभरात इतर कोणत्याही गटापेक्षा जास्त तणांच्या जाती सरावल्या आहेत, कारण विकराच्या जनुकात एका जागी झालेला बदलही पुरेसा असतो.

या हिशेबात सर्वांत स्वस्त वर्ष तिसरं आहे. २,५०० रोपं दोन बायांच्या एक-दोन दिवसांच्या निंदणात निघतात. म्हणून ४५ ते ६० दिवसांच्या मधे, तणाने फुलं धरायच्या आत, एक फेरी मारा आणि सोयाबीनच्या वर डोकं काढलेलं तण मुळासकट उपटा. आधीच फुललेलं असेल तर तासात टाकू नका, गोणीत भरून बाहेर न्या. धुऱ्यावर टाकलं तर बी परत आत येतं.

*तपासा:* घोळके दिसले ती जागा काठी रोवून खुणावा. सोंगणी त्या जागेची शेवटी करा आणि मळणीयंत्र किंवा हार्वेस्टर दुसऱ्याच्या वावरातून येत असेल तर आत घेण्याआधी झाडून घ्या.

९. पुढच्या दोन वर्षांचा क्रम आजच लिहा

कळमेश्वरच्या त्या वावरासाठी आम्ही वहीत असं लिहिलं. पहिल्या वर्षी उगवणीपूर्वी पेंडीमेथॅलिन, १५ ते १८ दिवसांना फोमेसाफेन आणि फ्ल्युअझिफॉप, मग डवरणी, मग ५० दिवसांना उपटणी. दुसऱ्या वर्षी कपाशी, उगवणीपूर्वी पेंडीमेथॅलिन, त्यानंतर रुंद पानाच्या तणासाठी फवारणी नाही, उभी-आडवी डवरणी आणि निंदण. पायरिथायोबॅक मुद्दाम खोडलं. त्या वावरात एएलएस गटाचं काही घ्यायचं तर कुंड्यांची परीक्षा बघूनच.

दुधी सरावलेली असली तरी कुंजरूवर इमॅझेथापायर अजून चालतं, हा मोह तिथे होईल. ज्या वावरात संशय आहे तिथे तो टाळा, शेजारच्या स्वच्छ वावरात एखाद्या वर्षी वापरायला हरकत नाही. म्हणून नोंद शेतकऱ्याच्या नावाने ठेवू नका, वावरागणिक ठेवा: पेरणीची तारीख, औषधाचं तांत्रिक नाव, एकरी किती पंप पडले, आणि ३५व्या दिवशी कोणतं तण जिवंत होतं. त्या दादांनी ही वही देवघरातल्या फळीवर ठेवली आहे, पेरणीच्या दिवशी हाताशी यावी म्हणून.